‘किनारा’ प्रकल्प नोंदी: सिद्दीचं पारडं जड का होतं?

2 मार्च

आजपासून या नोंदी समतोलापुरत्याच. खेळ चालतो, अडकत नाही, एक डाव सव्वा तासात संपतो. आता मुख्य प्रश्न हाती घ्यायचा आहे: तीन पक्ष अगदी वेगळ्या पद्धतीने खेळले जावेत, आणि तरीही तिघेही साधारण सारख्याच वेळा जिंकावेत.

पुढे संदर्भाला लागेल म्हणून खेळ थोडक्यात लिहून ठेवते. काळ 1670-80 च्या आसपासचा, पट म्हणजे वसईपासून गोव्यापर्यंतचा किनारा. खेळाडू तीन. डाव तीन वर्षांचा, वर्षाला चार फेऱ्या, चौथी फेरी पावसाळ्याची. पावसाळ्यात जे जहाज बंदरात नसेल ते बुडतं. शेवटी ज्याच्याकडे ‘वचक’ जास्त तो जिंकतो.

मराठ्यांची गलबतं हलकी, उथळ पाण्यात जाणारी. ती खाड्यांमध्ये शिरतात, तिथे इतर कोणाची जहाजं शिरू शकत नाहीत. त्यांना वचक मिळतो तो किल्ले बांधून. 1679 मध्ये खांदेरी बेटावर बांधकाम चालू असताना इंग्रजांची मोठी जहाजं पाळतीवर होती, आणि मराठ्यांच्या लहान होड्या रात्रीच्या रात्री रसद पोचवत होत्या. मराठ्यांचा पक्ष सगळा त्या एका प्रसंगावरून सुचला.

सिद्दीचा एकच तळ, जंजिरा, आणि तो डावात कोणालाही घेता येत नाही. वचक मिळतो लुटीतून, एका यशस्वी लुटीला 3.

फिरंगी, म्हणजे पोर्तुगीज, कार्ताझ विकतात. समुद्रात माल न्यायचा तर त्यांचा परवाना घ्या, नाहीतर जहाज पकडलं जाण्याचा धोका पत्करा. परवाने आणि व्यापार यांतून त्यांचा वचक हळूहळू वाढतो.

उद्दिष्ट आकड्यात मांडते. तीन खेळाडू म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला 33.3 टक्के डाव यायला हवेत. खेळाडू बरोबरीचे असतील तर प्रत्येक पक्षाचं प्रमाण 30 ते 37 च्या दरम्यान राहिलं, तर मी समाधानी.

वेगळेपणाचंही मोजमाप हवं, नाहीतर तो नुसता भास राहतो. ओळख चाचणी अशी ठरवली: संपलेल्या डावातल्या एका खेळाडूच्या खेळ्यांची यादी घ्यायची, पक्षाचं आणि जागांचं नाव पुसायचं, आणि खेळ माहीत असलेल्या माणसाला विचारायचं की हा कोण होता. दहापैकी नऊ वेळा तरी ओळखता आलं पाहिजे. हे दोन्ही आकडे नेहमी शेजारी शेजारी लिहीन. एक सुधारताना दुसरा बिघडला, तर तो बदल मागे घ्यायचा.

वाघबकरीचा पट टेबलावर मुद्दाम ठेवला आहे. पंचवीस बिंदू, चार वाघ, वीस बकऱ्या; कोणताच आकडा दुसऱ्याशी जुळत नाही, चालीही जुळत नाहीत. तरी संगणकाने मोजून दाखवलं आहे की दोन्ही बाजू अचूक खेळल्या तर डाव बरोबरीत सुटतो. समतोलासाठी आकडे सारखे असावे लागत नाहीत, याचा हा माझ्यासाठी रोज डोळ्यांसमोरचा पुरावा.

9 मार्च

आमच्या पाच जणांच्या गटाने मिळून 30 डाव पुरे केले. सिद्दी 14, मराठे 9, फिरंगी 7.

गटात लगेच एकमत झालं की सिद्दी भारी पडतोय, लूट कमी करा. धाकट्या भावाने तर फाइल उघडून आकडा खोडलाही. मी त्याला थांबवलं. आधी हे बघायचं होतं की पक्ष पूर्ण समतोल असते तरी 30 डावांत नुसत्या योगायोगाने किती इकडेतिकडे होऊ शकतं.

```python
from math import sqrt
p = 1/3
for n in (30, 300, 3000):
    print(n, round(2 * sqrt(p * (1 - p) / n) * 100, 1))
```

उत्तर आलं: 30 डावांना 17.2, 300 डावांना 5.4, 3000 डावांना 1.7. याचा अर्थ असा की 30 डावांत एखादा पक्ष 16 पासून 50 टक्क्यांपर्यंत कुठेही दिसला तरी त्यावरून काही सिद्ध होत नाही. सिद्दीचे 14 म्हणजे 47 टक्के, तेही त्याच पट्ट्यात. डाव दहापट केले तर पट्टा दहापट अरुंद होत नाही, साधारण तीनपटच होतो. म्हणून माणसांच्या खेळावर अवलंबून राहून दोन-तीन टक्क्यांचा फरक पकडायचा म्हटलं तर हजारो डाव लागतील, आणि तेवढे आमच्याने होणार नाहीत.

मात्र सिद्दीबद्दलची शंका मनात ठेवते. पाच जणांना एकच गोष्ट बोचली आहे. आकड्याने अजून सिद्ध झालेलं नाही इतकंच.

16 मार्च

आठवडा माणसाऐवजी संगणकावर आपोआप डाव खेळणारे बॉट लिहिण्यात गेला. पहिला बॉट यादृच्छिक चाली करणारा होता, त्याचे निकाल फेकून दिले. अंदाधुंद खेळणाऱ्याच्या हातात किल्ला म्हणजे फुकट गेलेला दगड आणि लूट म्हणजे लॉटरी. अशा निकालावरून पक्षांची ताकद कळत नाही. कोणता पक्ष चुका जास्त सहन करतो एवढंच कळतं.

दुसरा बॉट प्रत्येक शक्य चालीनंतर स्वतःची स्थिती आणि प्रतिस्पर्ध्याचं सगळ्यात चांगलं उत्तर तपासतो. तो हुशार नाही, पण ढोबळ चूक करत नाही. रात्रभरात 3000 डाव झाले.

सिद्दी 41.2, मराठे 34.5, फिरंगी 24.3.

आता योगायोगाचा पट्टा पावणेदोन टक्क्यांचाच आहे, म्हणजे सिद्दी खरंच जड आहे. गटाचं म्हणणं बरोबर होतं.

बॉटची एक मर्यादा इथेच लिहून ठेवते. बॉट एकमेकांशी बोलत नाहीत, रुसत नाहीत, आणि पुढे गेलेल्याला मिळून खाली ओढत नाहीत. परवान्याची किंमत हा तर निम्मा बोलाचालीचा मामला आहे. म्हणून फिरंग्यांच्या आकड्यावर मी सगळ्यात कमी विश्वास ठेवणार.

22 मार्च

सगळ्यात सोपा बदल करून पाहिला. लुटीचा वचक 3 वरून 2.

बॉटचा निकाल: सिद्दी 33.9, मराठे 39.6, फिरंगी 26.5. सिद्दी अगदी जागेवर आला. मराठे वर गेले, कारण तीन पक्षांच्या टक्क्यांची बेरीज शंभरच राहते. एकाच्या ताटातलं काढलं की ते कुठेतरी जातंच, आणि बहुतेक वेळा दुसऱ्या क्रमांकावर असलेल्याकडे जातं. तेवढं पुढे सावरता आलं असतं.

पण त्याच संध्याकाळी चार डाव माणसांनी खेळले आणि माझा हिरमोड झाला. भाऊ सिद्दी होता. तिसऱ्या फेरीनंतर तो म्हणाला, “ताई, लुटीला जाऊन जहाज गमावण्यापेक्षा मी इथेच माल हलवत बसतो. हिशोब तोच पडतो.” त्याचं गणित बरोबर होतं. लूट तीनपैकी दोन वेळाच यशस्वी होते आणि फसली तर जहाज जातं. बक्षीस 2 झाल्यावर धोका पत्करण्यात अर्थ उरला नाही. जंजिऱ्याच्या तटामागे बसून व्यापार करणारा सिद्दी हा दुबळा फिरंगी झाला होता.

ओळख चाचणीनेही तेच सांगितलं. आधी दहापैकी दहा ओळखले गेले होते, आता सहा. चारही चुका सारख्याच: सिद्दीला फिरंगी समजले.

बदल मागे घेतला, लूट पुन्हा 3. यातून एक नियम स्वतःला घालून घेते. ज्या गोष्टीसाठी माणूस तो पक्ष निवडतो, तिला आधी हात लावायचा नाही. मराठ्यांचा खाडीप्रवेश, सिद्दीची लूट, फिरंग्यांचा परवाना, हे तिन्ही आकडे गोठवले. वजन कमी करायचं तर भोवतीच्या गोष्टींतून करायचं: किंमत, वेळ, जागा, आणि त्या बळाची भरपाई काय द्यावी लागते.

स्टारक्राफ्ट या संगणकावरच्या युद्धखेळातलं एक जुनं उदाहरण इथे फार उपयोगी वाटतं. त्यातल्या झर्ग या पक्षाचा सुरुवातीचा हल्ला फार लवकर येत होता. 2001 च्या 1.08 पॅचमध्ये स्पॉनिंग पूल या इमारतीची किंमत 150 खनिजांवरून 200 केली. इमारतीला पैसे जास्त लागले म्हणून हल्ला थोडा उशिरा निघू लागला, समोरच्याला तेवढी उसंत मिळाली. झुंडीने धावून येणं ही झर्गची ओळख जिथल्या तिथे राहिली, फक्त घड्याळ सरकलं.

मग माझा प्रश्न असा व्हायला हवा: सिद्दी कधी पुढे जातो?

30 मार्च

हा आठवडा फार मोलाचा ठरला, म्हणून सविस्तर लिहिते.

आतापर्यंत मी डावाच्या शेवटी कोण जिंकलं एवढंच साठवत होते. आता प्रत्येक फेरीअखेर तिघांचा वचक साठवला आणि 3000 डावांची सरासरी काढून तीन रेघा कागदावर आखल्या. मला वाटत होतं की सिद्दीची रेघ पहिल्यापासून वर असेल. तशी ती नव्हती. पहिल्या वर्षात सिद्दी मराठ्यांच्या बरोबरीने चालतो. पाचव्या फेरीत एकदम उडी घेतो. मग पुन्हा समांतर चालतो, आणि नवव्या फेरीत दुसरी उडी. बाकी सगळा वेळ तो सामान्य आहे.

पाचवी आणि नववी, म्हणजे दोन्ही पावसाळ्यांनंतरची पहिली फेरी.

पट समोर ठेवून पावसाळा हाताने खेळून पाहिला. चौथ्या फेरीत सगळे आपापली जहाजं बंदरात नेतात. मराठ्यांची गलबतं खाडीत आत जातात, फिरंग्यांचा काफिला गोव्याला, पटाच्या तळाशी. पाऊस संपला की दोघांनाही पाचवी फेरी नुसती परत वर येण्यात घालवावी लागते. सिद्दीचं बंदर मात्र जंजिरा, पटाच्या ऐन मधोमध. त्याची सगळी जहाजं पाचव्या फेरीच्या पहिल्या चालीलाच लुटीला तयार, आणि समोर किनारा रिकामा.

ही त्याला फुकट मिळालेली फेरी. पक्षाच्या माहितीपत्रकावर ती कुठेही लिहिलेली नाही. पावसाळ्याचा नियम सगळ्यांना सारखाच, म्हणून मला तो निष्पक्ष वाटला होता. पण सारखा नियम आणि असमान पट मिळून असमान फळ देतात, हे मला आता दिसलं.

वजन मोजलं. दोन पावसाळ्यांनंतर दोन जादा लुटी, प्रत्येकी 3 गुण, तीनपैकी दोन वेळा यश. म्हणजे सरासरी 4 गुण. सिद्दी जिंकलेल्या डावांत त्याची आघाडी सरासरी साडेतीन गुणांची होती. सगळा जडपणा इथेच सामावतो.

तरी खात्री करायची म्हणून पावसाळाच बंद करून 3000 डाव चालवले: सिद्दी 34.1, मराठे 35.0, फिरंगी 30.9. लूट 3 च आहे, तटबंदी तीच आहे, आणि तिघेही पट्ट्यात. म्हणजे लूट कधीच दोषी नव्हती. मी आणि गट दोघांनीही तिला धरलं, कारण ती डोळ्यांत भरते. खेळाडूला जे बोचतं ते खरं असतं, पण त्याचं कारण तो सांगतो तेच असेल असं नाही. त्याचं बोचणं लिहून घ्यायचं आणि कारण मात्र आपण शोधायचं.

पावसाळा कायमचा काढून टाकला तर समतोल आयता मिळेल. पण कोकण किनाऱ्याच्या खेळातून पाऊस काढायचा म्हणजे काय उरलं? ते होणार नाही.

5 एप्रिल

आजोळी मुरूडला आले होते. मामाला पट दाखवला आणि पावसाळ्याचा प्रश्न सांगितला. त्याने पहिल्यांदा विचारलं, “एवढी जहाजं तू एकाच ठिकाणी कशी गं ठेवलीस?” आमच्याकडे पावसाच्या आधी होड्या वर ओढून शाकारतात, आणि जागेवरून दरवर्षी घासाघीस होते. जागा मोजकीच असते. नारळी पौर्णिमेला नारळ सोडेपर्यंत हीच चिंता. माझ्या पटावर जंजिऱ्यात मात्र हवी तेवढी जहाजं मावत होती.

त्यावरून इतिहासातलं आठवलं. 1670 च्या दशकात सिद्दीचं आरमार पावसाळ्यात मुंबईला माझगावला येऊन राहत असे. इंग्रजांना ते आवडत नव्हतं, कारण त्याने शिवाजी महाराज दुखावत, पण सिद्दी मोगलांच्या चाकरीत होता, आणि मोगलांना नाही म्हणणंही जड जात होतं. हे मी वाचलं होतं, खेळात आणलं मात्र नव्हतं.

नवा नियम: पावसाळ्यात जंजिऱ्यात सिद्दीची दोनच जहाजं राहू शकतात. बाकीची माझगावला, दर जहाजाला एक नाणं देऊन. पाऊस संपल्यावर ती तिथूनच निघतात.

रात्री मामाच्या ओटीवर बसून लॅपटॉपवर दोन पर्याय चालवले. नाणं एक असेल तर सिद्दी 36.0, मराठे 36.4, फिरंगी 27.6. दोन नाणी केली तर सिद्दी 31 च्या खाली घसरतो आणि पहिल्या वर्षी मुद्दाम कमी जहाजं बांधू लागतो, जे मला नको आहे. एक नाणं ठेवलं.

12 एप्रिल

माणसांनी सहा डाव खेळले. नियमाने अपेक्षेपेक्षा चांगलं काही दिलं. आता सिद्दीला चौथ्या फेरीत निवड करावी लागते: कोणती दोन जहाजं घरी ठेवू? घरची दोन पाचव्या फेरीला लगेच लुटू शकतात, म्हणून ती उडी पूर्ण गेलेली नाही, निम्मी झाली आहे. माझगावची जहाजं उत्तरेकडून निघतात, त्यामुळे वसईच्या बाजूला एक नवीन धोका तयार होतो, जो आधी नव्हता. पक्ष हलका झाला, पण खेळायला आधीपेक्षा भरीव झाला. ओळख चाचणी दहापैकी दहा.

वजन कमी करणारा बदल खेळाडूच्या हातात एक नवा निर्णय देत असेल, तर त्याला काही हिरावल्यासारखं वाटत नाही. लूट 2 केली तेव्हा भाऊ वैतागला होता. या वेळी तोच माझगावच्या जहाजांचं काय करायचं यावर अर्धा तास बोलत होता.

क्रमाबद्दल छोटी नोंद. प्रत्येक फेरीत मराठे पहिले खेळत होते, त्याचा साधारण दीड टक्क्याचा फायदा दिसला. गो या खेळात पहिल्या चालीची भरपाई म्हणून दुसऱ्याला आयते गुण देतात, जपानात साडेसहा. आम्ही त्याऐवजी दर वर्षी क्रम फिरवला. तीन वर्षं, तीन खेळाडू, हिशोब आपोआप जुळतो.

3 मे

फिरंगी. बॉटमध्ये 27.6, म्हणजे खाली. पण मधल्या काळात आम्ही खेळ बाहेरच्यांना खेळायला दिला होता, आणि नव्या खेळाडूंकडून उलटीच तक्रार आली: फिरंगी फार भारी आहे, काही न करता जिंकतो.

दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी असू शकतात का, हे पाहण्यासाठी माणसांचे डाव दोन ढिगांत वाटले. पहिल्या ढिगात तिघांचेही पाचपेक्षा कमी डाव झालेले, असे 48 डाव. त्यात फिरंगी 21 वेळा जिंकला, 44 टक्के. दुसऱ्या ढिगात तिघेही मुरलेले, असे 36 डाव. फिरंगी 7 वेळा, 19 टक्के. एकूण 84 पैकी 28, म्हणजे बरोबर एक तृतीयांश! मी फक्त एकूण आकडा पाहिला असता तर समतोल साधला म्हणून फाइल बंद केली असती.

9 मार्चचा हिशोब इथेही लावला. दोन्ही ढीग सुटे सुटे पाहिले तर योगायोगाच्या पट्ट्यात कसेबसे बसतात. पण दोघांमधलं 24 टक्क्यांचं अंतर नुसत्या योगायोगाने पडलं असेल असं मानणं कठीण आहे. प्रमाण विचलनाच्या सव्वादोनपटीहून ते जास्त आहे. शिवाय खेळ पाहताना कारण दिसतंच. नवा माणूस पकडलं जाण्याच्या भीतीने दर वेळी परवाना घेतो. मुरलेला माणूस मोजतो: परवान्याला 2 नाणी, पकडलं जाण्याची शक्यता चारात एक, खाडीच्या कडेकडेने गेलो तर त्याहून कमी. तो परवाना घेत नाही. दोघे मुरलेले असतील तर कोणीच घेत नाही, आणि फिरंग्याच्या हाती काहीच उरत नाही.

त्रास असा की परवान्याची सगळी कसोटी विकत घेणाऱ्याच्या बाजूला आहे. विकणाऱ्याला काही ठरवायचंच नाही, किंमत छापील 2. घेणारा कच्चा असेल तर विकणारा बसल्या जागी श्रीमंत होतो, घेणारा पक्का असेल तर विकणारा काहीही करू शकत नाही. सरासरी किंमत वाढवून वा उतरवून हे सुटणार नाही, कारण एका टोकाला मदत केली की दुसरं टोक आणखी बिघडतं.

17 मे

दोन गोष्टी केल्या. एक, वर्षाच्या सुरुवातीला फिरंगी परवान्याची किंमत स्वतः जाहीर करतो, 1 ते 3 नाणी, दोघांना एकच, आणि वर्षभर बदलायची नाही. दोन, परवाना घेतलेल्या मालावर सिद्दीने लूट घातली तर शेजारचं फिरंगी जहाज तिला अडवू शकतं. म्हणजे घेणाऱ्यालाही काहीतरी मिळतं. सिद्दीने परवाना घेतला तर त्याला संरक्षण नको असतं, म्हणून त्याच्या मालाला गोव्यात एक नाणं जास्त भाव.

आता विकणाऱ्यालाही डोकं चालवावं लागतं. नव्यांच्या टेबलावर फिरंगीही नवाच असतो. तो हावरेपणाने 3 लावतो आणि मराठे खाडीची वाट धरतात, किंवा घाबरून 1 लावतो आणि कमाई थोडी होते. मुरलेल्यांच्या टेबलावर फिरंगी पाहतो की सिद्दी यंदा आक्रमक आहे, मराठ्यांना संरक्षणाची गरज आहे, आणि नेमकी किंमत लावतो. कौशल्य देवघेवीच्या दोन्ही बाजूंना असलं की दोन्ही बाजू एकत्रच शिकतात.

एक धोका होता तो लगेच दिसला. संरक्षण कुठेही चालू दिलं तर फिरंगी आणि मराठे मिळून सिद्दीचा श्वास कोंडतात. म्हणून शेजारच्या घरात जहाज हवं ही अट पक्की ठेवली, आणि एका फेरीत एकदाच.

बॉटला किंमत लावायला शिकवण्यात दोन दिवस गेले: तो मागच्या वर्षीच्या लुटींची संख्या मोजून किंमत ठरवतो. निकाल: सिद्दी 35.1, मराठे 33.8, फिरंगी 31.1.

14 जून

माणसांचे 60 डाव झाले, यात निम्मे नव्यांचे, निम्मे मुरलेल्यांचे. सिद्दी 19, मराठे 21, फिरंगी 20. साठ डावांना पट्टा दोन्ही बाजूंना 12 टक्क्यांचा असतो, म्हणून या सुंदर आकड्यांना मी पुरावा म्हणत नाही. जास्त महत्त्वाचं हे की फिरंगी नव्यांमध्ये 11 वेळा आणि मुरलेल्यांमध्ये 9 वेळा जिंकला. आधीचं अंतर होतं तसंच राहिलं असतं, तर ते 13 आणि 6 च्या आसपास दिसलं असतं. ओळख चाचणी बारापैकी अकरा.

एक गोष्ट मात्र बॉट आणि माणसं यांच्यात वेगळी आहे आणि ती वेगळीच राहील. बॉटमध्ये सिद्दी सगळ्यात वर, माणसांत सगळ्यात खाली, थोड्याच फरकाने. टेबलावर बसून पाहिलं तर कारण कळतं. लूट सगळ्यांना दिसते, झोंबते, आणि लुटलेला माणूस पुढच्या फेरीत उट्टं काढतो. फिरंग्याचा वचक शांतपणे वाढतो, कोणाच्या अंगावर येत नाही, म्हणून त्याच्याकडे लक्ष उशिरा जातं. तीन खेळाडूंच्या खेळात टेबल स्वतःच एक काटा असतो, आणि तो सगळ्यात जड पक्षाला न दाबता सगळ्यात जास्त आवाज करणाऱ्याला दाबतो.

म्हणून बॉटमध्ये तिघांना 33.3 वर आणण्याचा हट्ट मी सोडला. आवाज करणाऱ्या पक्षाच्या अंगात मुळात थोडं जास्त बळ हवं, कारण टेबल ते काढून घेणार आहे. सिद्दीचं 35 आणि फिरंग्यांचं 31 मला मान्य आहे, आणि तसंच ठेवते.

भावाने सुचवलं की प्रत्येकाचा वचक पडद्यावर मोठ्या अक्षरात दाखवू, म्हणजे शांतपणे पुढे जाणारा फिरंगी लपणार नाही. एका संध्याकाळी चार डाव तसे खेळलो. शेवटच्या वर्षी प्रत्येक जण दुसऱ्याच्या आकड्याकडे बघून खेळू लागला आणि डाव दोन तासांवर गेले. काढून टाकलं. वर्षाअखेरीस, पावसाळ्याच्या फेरीत, एकदाच तिघांचा वचक वाचून दाखवायचा, एवढं ठेवलं. जहाजं बंदरात असतात, सगळे थांबलेले असतात, आकडे ऐकायला तीच वेळ योग्य आहे.

28 जून

दोन खेळाडूंचा प्रकार तपासला. मराठे विरुद्ध सिद्दी ठीक चालतो. फिरंगी असलेली कोणतीही जोडी चालत नाही: एकच गिऱ्हाईक असेल तर ते परवाना कधीच घेत नाही, कारण त्याने दिलेलं प्रत्येक नाणं थेट एकुलत्या एका प्रतिस्पर्ध्याच्या खिशात जातं. तिघांत हा तोटा दोघांमध्ये वाटला जातो, म्हणून सौदा शक्य होतो. हे आकडे बदलून सुटणारं नाही, फिरंगी हा पक्षच तीन जणांच्या टेबलासाठी घडला आहे.

मराठे-सिद्दी जोडीचे 3000 डाव आज रात्री लावले आहेत. जोडीच्या खेळात फिरंगी खेळाडूशिवाय असेल, किंमत 2 ठरलेली, नाणी पेटीत. माझगावचं एक नाणं तसंच ठेवलं आहे. सिद्दी 53 च्या वर गेला तर आधी पाचव्या फेरीची रेघ पाहायची, मग बाकीचं.